चार सेकंदांचा विलंब, त्याची फेज आणि पादेचा रूट लोकस

प्रश्न: सर, आमच्या गरम पाण्याच्या लाइनवर तापमानाचा सेन्सर हीटरपासून ६ मीटर पुढे बसवलाय, पाण्याचा वेग १.५ मीटर प्रति सेकंद. प्लांटचं मॉडेल `e^(-4s)/(20s+1)` असं आलं, कंट्रोलर सध्या नुसता `K`. विलंबामुळे सिग्नल फक्त उशिरा येतो, लहान-मोठा होत नाही, मग लूप अस्थिर का व्हावा? रूट लोकससाठी विलंबाच्या जागी पहिल्या ऑर्डरचा पादे वापरला तर तीन वेगळी उत्तरं मिळतात. हाताने काढलेल्या आकृतीत `K` १ च्या पुढे गेला की लूप अस्थिर, मॅटलॅबच्या `rlocus` मध्ये ११ पर्यंत स्थिर, आणि विलंब तसाच ठेवून सिम्युलेशन केलं तर साडेआठलाच झोके थांबत नाहीत. यातलं खरं कोणतं?

उत्तर: खरं साडेआठ. ११ हे पहिल्या ऑर्डरच्या पादेचं अंदाजी उत्तर आहे, आणि १ हा आकडा एका चिन्हाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे आलाय. तिन्हींचा हिशोब लागतो. त्यासाठी आधी फेजचं नीट पाहू.

हीटरच्या तोंडाशी तापमान साइन लाटेसारखं वरखाली होतंय असं धरा, `sin(ωt)`. सेन्सरपाशी तीच लाट ४ सेकंदांनी पोचते, म्हणजे `sin(ω(t-4))`. कंस सोडवला की `sin(ωt - 4ω)`. उंची तीच, फक्त कोनातून `4ω` रेडियन वजा झाले. फेज लॅग म्हणतात तो हाच. सेकंद सगळ्या लाटांसाठी सारखेच असतात, पण कोन मोजायचा तो त्या लाटेच्या स्वतःच्या आवर्तनाच्या मापाने. लाटेचं आवर्तन २ मिनिटांचं असेल तर ४ सेकंद म्हणजे ३६० पैकी जेमतेम १२ अंश, लूपला त्याचा पत्ताही लागत नाही. आवर्तन १६ सेकंदांचं असेल तर तेच ४ सेकंद पाव आवर्तन होतात, म्हणजे ९० अंश. ८ सेकंदांचं असेल तर १८० अंश, म्हणजे सेन्सर शिखर दाखवतो तेव्हा हीटरपाशी दरी असते.

साध्या फर्स्ट ऑर्डर प्लांटची फेज कितीही वर गेलात तरी ९० अंशांच्या पलीकडे पडत नाही, शिवाय फेज पडते तसा गेनही पडत जातो. विलंबाचं तसं नाही. त्याचा लॅग फ्रीक्वेन्सीबरोबर सरळ रेषेत वाढत राहतो, त्याला तळ नाही, आणि बदल्यात गेन एक टक्काही कमी होत नाही. "लहान-मोठा होत नाही" हे तुम्हाला विलंबाच्या बाजूचं वाटलं, पण अडचण तीच आहे. सिग्नल लहान झाला असता तर लूपला सवलत मिळाली असती.

आता तुमच्या लूपमध्ये हे आकड्यांनी बघा. विलंब नसता तर `K/(20s+1)` हा लूप कुठल्याही `K` ला स्थिर राहिला असता, कारण एकूण लॅग १८० पर्यंत पोचतच नाही. विलंब आला की पोचतो. कुठे पोचतो ते या समीकरणातून मिळतं:

`4ω + atan(20ω) = π`

दोन-चार वेळा आकडे घालून पाहिले की `ω` ०.४२२ रेडियन प्रति सेकंद येतो, म्हणजे साधारण १५ सेकंदांचं आवर्तन. तिथे प्लांटचा लॅग ८३ अंश, विलंबाचा ९७ अंश, बेरीज १८०. त्या फ्रीक्वेन्सीला प्लांटचा गेन `1/√(1+(20ω)²)`, म्हणजे ८.५ मध्ये एक. तेव्हा `K` ८.५ झाला की लूप गेन बरोबर १ होतो. ऋण फीडबॅक फिरून येताना धन झालेला असतो, आणि लाट स्वतःलाच पुरवठा करत राहते. तुमच्या सिम्युलेशनमधल्या झोक्यांचं आवर्तन मोजा, १५ सेकंदांच्या आसपास सापडेल. ते तसं निघालं की मॉडेल आणि सिम्युलेशन एकच बोलताहेत याची खात्री होते.

इथवर पादेची गरजच पडली नाही, हे लक्षात घ्या. बोडे किंवा नायक्विस्टमध्ये विलंब जसाच्या तसा बसतो. अडतं ते रूट लोकसला. वॉल्टर एव्हान्सने १९४८ मध्ये मांडलेले रेखाटनाचे नियम बहुपदी भागिले बहुपदी या रूपासाठी आहेत: इतके पोल, इतके झीरो, इतक्या शाखा. `e^(-4s)` ला मर्यादित `s` वर ना पोल आहे ना झीरो. तुमचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण `20s + 1 + K e^(-4s) = 0` होतं आणि त्याला अनंत मुळं असतात. शाखा मोजायच्या तरी किती?

मग `e^(-4s)` च्या जागी त्याच्यासारखं वागणारं बहुपदींचं गुणोत्तर ठेवायचं. ऑंरी पादे या फ्रेंच गणितज्ञाने १८९२ च्या आपल्या प्रबंधात अशा गुणोत्तरांचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून त्याचं नाव. `x = sT` मानलं तर पहिल्या ऑर्डरचं रूप सहज मिळतं. `e^(-x)` म्हणजे `e^(-x/2)` भागिले `e^(x/2)`. वर-खाली दोन्हीकडे पहिली दोन पदं ठेवा:

`(1 - x/2) / (1 + x/2)`

याची मालिका उलगडली तर `1 - x + x²/2 - x³/4 ...` अशी येते. खऱ्या `e^(-x)` शी ती `x²` पर्यंत तंतोतंत जुळते, घनाच्या पदात मात्र १/६ हवा तिथे १/४ आहे. नुसतं टेलर वापरून `1 - x` का घेत नाही, याचं उत्तर इथेच आहे. `1 - jωT` ची उंची फ्रीक्वेन्सीबरोबर वाढत जाते, म्हणजे विलंबाचा जो एकमेव निर्भेळ गुण होता तोच मोडतो. पादेच्या अंशाची आणि छेदाची उंची `jω` वर कायम सारखी असते, भागाकार नेहमी १. उंचीत काहीच चूक नाही. जी काही चूक आहे ती सगळी फेजमध्ये, आणि ती मोजता येते.

तुमच्यासाठी `T` ४, म्हणून गुणोत्तर `(1-2s)/(1+2s)`. ओपन लूपचे पोल −०.०५ आणि −०.५ वर, झीरो +०.५ वर. झीरो उजव्या अर्ध्या भागात आला यात काही गडबड नाही. उशिरा येणाऱ्या सिग्नलची नक्कल डाव्या बाजूच्या झीरोने जमतच नाही.

आता तुमची १ वाली आकृती. तुम्ही पोल-झीरो बरोबर मांडले असणार आणि मग नेहमीचा नियम लावला असणार: ज्या बिंदूच्या उजवीकडे पोल-झीरोंची संख्या विषम, तो खरा अक्ष लोकसवर. त्या नियमाने −०.०५ ते +०.५ हा तुकडा लोकसवर येतो, पोल सरळ उजवीकडे चालत जातो आणि `K` १ ला उगम ओलांडतो. पण `1 - 2s` म्हणजे `-2(s - 0.5)`. ते उणे चिन्ह गेनमध्ये जाऊन बसतं, आणि १८० अंशांचा नियम बदलून ० अंशांचा होतो. म्हणजे समसंख्येचे तुकडे लोकसवर. शाळकरी वाटणारी ही गोष्ट मी चांगल्या अनुभवी लोकांकडूनही निसटलेली पाहिलीय, कारण झीरो मांडून झाल्यावर अंशातलं चिन्ह कागदावर कुठे दिसतच नाही. `rlocus` ला दिसतं, कारण ते `1 + KG = 0` सरळ सोडवतं. ओळखायची खूण सोपी आहे. `s` शून्य ठेवा. पादेचं गुणोत्तर तिथे १ असलंच पाहिजे, कारण स्थिर सिग्नलला विलंबाने काही होत नाही. तुमच्या मांडणीत ते −१ येत असेल तर चिन्ह हरवलंय.

बरोबर नियमाने −०.५ ते −०.०५ हा तुकडा लोकसवर येतो, आणि +०.५ च्या उजवीकडचा सगळा अक्ष. दोन पोल एकमेकांकडे सरकतात, `K` १.३४ ला −०.२४ पाशी भेटतात आणि अक्ष सोडतात. पुढे ते एका वर्तुळावरून फिरतात. वर्तुळाचं केंद्र झीरोवर, म्हणजे +०.५ वर, आणि त्रिज्या ०.७४. हे वर्तुळ कंपासने काढून बघाच. विलंबाचा उपद्रव त्यात डोळ्यांना दिसतो: `K` वाढवला की दोन्ही पोल उजवीकडच्या झीरोभोवती ओढले जातात, सुटका नाही. काल्पनिक अक्ष कुठे ओलांडतात ते समीकरणातून:

`40s² + (22 - 2K)s + (1 + K) = 0`

मधलं पद शून्य झालं की सीमा, म्हणजे `K` ११ आणि `ω` ०.५४८. तुमचं `rlocus` इथवर बरोबरच होतं.

मग ११ आणि ८.५ मधला फरक कुठून? फेजमधल्या चुकीतून. पहिल्या ऑर्डरच्या पादेचा लॅग `2·atan(ωT/2)`. ०.४२२ ला खरा लॅग ९७ अंश, पादेचा ८० अंश. १६-१७ अंश कमी पडले. पादेच्या मते लूपकडे अजून तेवढी फेज शिल्लक आहे, म्हणून तो सीमा पुढे ढकलतो. ही चूक नेहमी याच बाजूला होते, कारण पहिल्या ऑर्डरचा पादे लॅग कायम कमीच सांगतो. म्हणजे तो तुम्हाला हवं त्यापेक्षा आशावादी चित्र दाखवतो, आणि कंट्रोलच्या कामात आशावादी चूक महागात पडते.

सीमेवरच असं होतं आणि डिझाइनच्या जागी ठीक चालतं, असंही समजू नका. समजा तुम्ही डँपिंग रेशो ०.५ ठरवलात. वरच्या समीकरणातून `K` ३.९६ येतो. तोच गेन खऱ्या विलंबाच्या समीकरणात घातला तर पोल −०.१३५ ± j०.३२९ पाशी सापडतात आणि डँपिंग ०.३८ निघतं. कागदावर ०.५ आणि लाइनवर ०.३८ म्हणजे ऑपरेटरचा फोन येणार.

खऱ्या विलंबाचे पोल कसे काढले? एव्हान्सची कोनाची अट विलंबालाही लागू पडते, हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. `s = σ + jω` वर `e^(-4s)` चा कोन `-4ω` आणि उंची `e^(-4σ)`. तेव्हा ०.५ डँपिंगच्या तिरक्या रेषेवर एकेक बिंदू घ्यायचा, `20s + 1` चा कोन अधिक `4ω` ही बेरीज १८० अंश कुठे होते ते बघायचं आणि तिथल्या उंचीवरून `K` काढायचा. ती जागा `ω` ०.२९६ ला येते, `σ` −०.१७१, आणि `K` ३.२. अक्ष सोडण्याची जागाही हातानेच नेमकी मिळते: `K = -(20s+1)e^(4s)` चं डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवा, `s` −०.३ आणि `K` १.५१. पादेने −०.२४ आणि १.३४ सांगितलं होतं. एका बिंदूसाठी हे उत्तम. पण अख्ख्या आकृतीचा आकार बघायचा असेल, कंट्रोलरचे झीरो इकडेतिकडे सरकवून काय होतं ते पटकन पाहायचं असेल, तर पादेच सोयीचा.

त्यासाठी ऑर्डर एकने वाढवा. दुसऱ्या ऑर्डरचा पादे असा:

`(1 - x/2 + x²/12) / (1 + x/2 + x²/12)`

इथे एक इशारा. पहिल्या ऑर्डरला वापरलेली अर्धं-अर्धं करण्याची युक्ती पुढे ताणली तर `x²/8` मिळतं, ते पादे नव्हे. ८ घेतलंत तर घनाचं पद पुन्हा चुकतं आणि ऑर्डर वाढवूनही हाती थोडंच लागतं. १२ घेतलं की मालिका `x⁴` पर्यंत जुळते. `T` ४ साठी `x²/12` म्हणजे `1.333s²`. कॅरॅक्टरिस्टिक समीकरण तिसऱ्या घाताचं होतं, राउथ लावला की गणित `K² + 30K - 331 = 0` वर येऊन थांबतं, आणि `K` ८.५८. खरी सीमा ८.५०. त्या फ्रीक्वेन्सीला फेजची चूक १६-१७ वरून एका अंशाच्या आत आली. ०.५ डँपिंगचा गेनही आता ३.२ च देतो, एका टक्क्याच्या आत.

मॅटलॅबमध्ये एवढंच:

```
s  = tf('s');
G  = exp(-4*s)/(20*s+1);
rlocus(pade(G,2))
margin(3.2*G)
step(feedback(3.2*ss(G),1))
```

`rlocus` ला विलंब सरळ देता येत नाही, म्हणून तिथे `pade`. `margin` आणि `step` ला मात्र मूळ `G` च द्या. ते विलंब खरा धरून उत्तर देतात, त्यामुळे पादेवर बेतलेलं डिझाइन पादेशिवाय तपासलं जातं. ही शेवटची ओळ गाळू नका.

ऑर्डर किती घ्यायची ते `ωT` वरून ठरवा, जिथे `ω` म्हणजे लूपची गेन क्रॉसओव्हर फ्रीक्वेन्सी किंवा ज्या पोलांची तुम्हाला फिकीर आहे त्यांची फ्रीक्वेन्सी. `ωT` अर्ध्या रेडियनच्या खाली असेल तर पहिली ऑर्डर अर्ध्या-पाऊण अंशाने चुकते, खुशाल वापरा. १ ला ती ४ अंशांनी चुकते, २ ला जवळजवळ २५ अंशांनी. दुसरी ऑर्डर २ पर्यंत दोनच अंशांनी चुकते, ३ ला मात्र ११ अंशांनी. त्याच्या पुढे तिसरी. दहावी ऑर्डर टाकून नेमकेपणा विकत घेऊ बघाल तर बहुपदीचे सहगुणक एकमेकांपासून इतके लांब जातात की संगणकाची मुळं काढण्यातच गोची होते. आणि `ωT` ३ च्या पुढे नेण्याची गरज वाटत असेल तर विलंबाच्या मानाने लूपकडून फार वेग मागितला जातोय.

रूट लोकसवर पादेमुळे आलेले जादा पोल-झीरो दिसतील. दुसऱ्या ऑर्डरला −०.७५ ± j०.४३ वर पोल आणि त्यांचीच उजवीकडची प्रतिबिंबं झीरो म्हणून. लाइनवर त्यांच्याशी मेळ खाणारं काहीही नाही. त्यांच्या शाखा आकृतीच्या कडेला कशा वळतात यावर निष्कर्ष काढू नका. खऱ्या समीकरणातली पुढची जोडी काल्पनिक अक्षावर पोचते ती `K` ३९ च्या पुढे, तोवर पहिल्या जोडीने लूप कधीच मोडलेला असतो. भरवसा फक्त उगमाजवळच्या, `|s|T` २ च्या आतल्या भागावर.

स्टेप रिस्पॉन्सच्या पहिल्या ४ सेकंदांबद्दलही तसंच. पहिल्या ऑर्डरच्या पादेने तापमान सुरुवातीला उलटीकडे जाताना दिसेल, सेट पॉइंट वर नेला तर ते आधी किंचित खाली उतरेल. तो उजव्या झीरोचा परिणाम आहे. प्रत्यक्ष पाण्याचं तापमान ४ सेकंद जागचं हलत नाही, आणि नंतर सरळ वर जायला लागतं. एकाने हा उलटा झोका बघून वाफेचा व्हॉल्व्ह उलटा जोडलाय असं ठरवलं होतं आणि वायरिंग उघडायच्या बेतात होता.

आता `T` स्वतः. ६ मीटर भागिले १.५ म्हणजे ४ सेकंद, हे पाइपापुरतं. कंट्रोलर दर सेकंदाला एकदा आउटपुट बदलत असेल तर आउटपुट धरून ठेवण्यामुळे सरासरी अर्धा सेकंद आणखी जातो, तो `T` मध्ये मिळवा. व्हॉल्व्हला ५ टक्क्यांचा धक्का देऊन तापमान कधी हलायला लागतं ते मोजलंत, तर सेन्सरच्या थर्मोवेलचा सुस्तपणाही विलंबासारखाच दिसतो. लूपच्या दृष्टीने तो विलंबात धरला तरी फारसं बिघडत नाही, फक्त पाइपाच्या गणितापेक्षा मोजलेला आकडा मोठा आला म्हणून दचकू नका.

जास्त लक्ष द्यायचं ते प्रवाहाकडे. रात्रीच्या पाळीत पाण्याची मागणी निम्मी झाली की वेग निम्मा आणि विलंब ८ सेकंद. बाकी सगळं तसंच धरलं तरी स्थिरतेची सीमा ८.५ वरून ४.६ वर येते. प्रत्यक्षात कमी पाण्यात तेवढीच वाफ जास्त तापवते, म्हणजे प्लांटचा गेनही वाढतो, आणि उरलेली जागा आणखी आकसते. दिवसा सुरेख वाटणारा ३.२ रात्री झोके देऊ शकतो. म्हणून लोकस काढायचा तो सर्वांत कमी प्रवाहाच्या `T` ने.

शेवटी, नुसत्या `K` ३.२ ने सेट पॉइंटमधल्या बदलाच्या सुमारे २४ टक्के फरक कायम राहतो, तेव्हा इंटिग्रल लागणारच. इंटिग्रल टाइम २० सेकंद ठेवलात तर त्याचा झीरो प्लांटचा पोल खोडतो आणि लूप `K e^(-4s)/(20s)` एवढाच उरतो. तिथे खरी सीमा `K` ७.८५, पहिल्या ऑर्डरचा पादे १० सांगेल. दुसऱ्या ऑर्डरने किती येतं ते राउथ लावून काढा आणि ७.८५ शी ताडून बघा.